झोपेची गोळी घेताना आधी उद्याची सकाळ ठरवा

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर एवढंच लिहिलेलं असतं: रात्री झोपताना एक. रात्री म्हणजे नऊ की बारा, जेवून लगेच की थोड्या वेळाने, पहाटे उठायचं असेल तर घ्यायची की नाही, जत्रेच्या रात्री काय करायचं, यातलं काहीच त्या तीन शब्दांत मावत नाही. मला ही गोळी एका आजारपणानंतर काही आठवडे घ्यावी लागली. पुढे तासगावजवळ द्राक्षबाग करणाऱ्या माझ्या दादालाही मिरजेच्या डॉक्टरांनी तीच लिहून दिली. तेव्हा फोनवर त्याला जे जे सांगत गेले, तेच इथे क्रमाने मांडते आहे.

हा लेख झोल्पिडेम या एकाच औषधाबद्दल आहे. आपल्याकडे ‘झोपेची गोळी’ या नावाखाली अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम असं बरंच काही घरात फिरत असतं. ती औषधं शरीरात जास्त वेळ राहतात, त्यामुळे पुढचे वेळेचे हिशेब त्यांना लावू नका. आणि तुमच्या डॉक्टरांनी वेगळं काही सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका.

१. दुकानात जाण्याआधी हाताशी काय हवं

- डॉक्टरांची चिठ्ठी, तारीख आणि सहीसकट
- घरात सध्या चालू असलेल्या सगळ्या औषधांच्या पट्ट्या, एका पिशवीत
- एक साधी वही आणि पेन, उशाशी ठेवायला

झोल्पिडेम ‘एच-१’ या यादीतलं औषध आहे. दुकानदाराला ते चिठ्ठीशिवाय देता येत नाही. पेशंटचं नाव, डॉक्टरांचं नाव आणि किती गोळ्या दिल्या हे त्याला वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून ठेवावं लागतं. म्हणून त्याने नाव विचारलं तर संकोच वाटून घेऊ नका. पट्टीवर लाल चौकटीत इशारा छापलेला असतो, तो आहे ना ते बघा.

दुकानातून बाहेर पडण्याआधी पट्टीवरचे दोन शब्द चिठ्ठीशी ताडून पाहा. पहिला म्हणजे ताकद: ५ मिलिग्रॅम की १०. दुसरा म्हणजे नावापुढे ‘सीआर’ किंवा ‘ईआर’ असं काही आहे का. ती सावकाश विरघळणारी गोळी असते. ती मोडायची, चावायची किंवा कुटायची नाही, आणि तिचा अंमल सकाळपर्यंत जास्त रेंगाळतो. कंपनी बदलली तर चालेल का ते डॉक्टरांना विचारून ठरवता येतं, पण ५ च्या जागी १० किंवा साध्याच्या जागी सीआर हा बदल काउंटरवर होऊ देऊ नका.

शेजारच्या काकूंच्या पट्टीतली एक गोळी घेऊन बघायची, हा प्रकार आपल्याकडे फार चालतो. तिचं वय वेगळं, आजार वेगळा, आणि पुष्कळदा औषधही वेगळंच असतं.

२. डॉक्टरांनी न विचारताही सांगायच्या गोष्टी

ओपीडीत गर्दी असते, त्यामुळे सगळं विचारलं जाईलच असं नाही. पुढच्या गोष्टी आपणहून सांगा.

झोपेत जोरात घोरता का, घोरता घोरता श्वास अडकतो असं घरच्यांनी कधी पाहिलंय का. दमा किंवा फुप्फुसाचा जुना आजार, यकृताचा त्रास, गरोदरपण, अंगावर पाजत असणं. पूर्वी कधी झोपेत चालण्याचा प्रकार झाला होता का. कंबरदुखीसाठी ट्रॅमाडॉलसारखी गोळी, कोडीनचं खोकल्याचं औषध, फिटची किंवा मानसिक आजाराची गोळी चालू आहे का. सर्दी-ॲलर्जीच्या गुंगी आणणाऱ्या गोळ्याही यातच मोजा, कारण त्या ‘साध्या’ वाटतात म्हणून कुणी सांगत नाही.

बायकांनी डोसबद्दल मुद्दाम विचारावं. बायकांच्या शरीरातून हे औषध पुरुषांपेक्षा हळू बाहेर पडतं. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०१३ साली याच कारणाने बायकांसाठी सुरुवातीचा डोस १० वरून ५ मिलिग्रॅमवर आणायला लावला. १० ची गोळी घेतल्यावर साधारण आठ तासांनीही १०० पैकी जवळपास १५ बायकांच्या रक्तात गाडी चालवायला धोक्याचं ठरेल इतकं औषध सापडलं होतं. पुरुषांत हेच प्रमाण ३ च्या आसपास होतं. म्हातारी माणसं आणि यकृत कमजोर असलेली माणसं यांनाही डोस कमीच लागतो.

दारूचं काय? बरोबर बायको किंवा मुलगा बसलेला असतो, डॉक्टर विचारतात, आणि माणूस म्हणतो, “कधीतरी, कार्यक्रमाला.” यावर दादाने काढलेला तोडगा मला आवडला. त्याने आठवड्यात किती आणि कोणत्या दिवशी ते कागदावर लिहून फायलीत ठेवलं आणि फाईल तशीच डॉक्टरांपुढे सरकवली. डॉक्टरांनी वाचलं, मान हलवली, दोन प्रश्न विचारले. वहिनीला आधीपासून सगळं माहीत होतंच, ती गोष्ट वेगळी.

३. सकाळपासून उलटं मोजा

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, म्हणून इथे जरा थांबते.

झोल्पिडेम अर्ध्या तासाच्या आत चढू लागतं. त्यानंतर साधारण दर अडीच तासांनी शरीरातलं औषध निम्मं होत जातं. म्हणजे गोळी घेतल्यावर पाच तासांनी चौथा हिस्सा उरलेला असतो, आणि आठ तासांनी दहाव्या हिश्श्याच्या आसपास. हे झालं सरासरी माणसाचं. ज्याचं शरीर औषध हळू काढतं, त्याला निम्मं व्हायलाच चार तास लागू शकतात, आणि मग आठ तासांनीही चौथा हिस्सा अंगात असतो. बिछान्यात पडून राहायचं असेल तर या चौथ्या हिश्श्याने काही बिघडत नाही. त्याच अवस्थेत मोटारसायकलला किक मारली तर मात्र बिघडतं.

म्हणून गोळीची वेळ ठरवताना सुरुवात सकाळपासून करायची. उद्या किती वाजता उठायचंय? त्यातून आठ तास वजा करा. जी वेळ येईल ती गोळी घेण्याची शेवटची वेळ. घड्याळ तिच्या पुढे गेलं असेल तर आज गोळी नाही.

दादाचा आठवडा घ्या. ऑक्टोबर छाटणी झालेली, कोवळी फूट बाहेर पडलेली, आणि पाऊस रेंगाळलेला. अशा दिवसांत डावणी या द्राक्षावरच्या रोगाची फवारणी चुकवता येत नाही. ऊन चढायच्या आत फवारायचं म्हणून पाचला उठणं, साडेपाचला ट्रॅक्टरवर बसून ब्लोअर चालू करणं. पाचातून आठ तास वजा केले की रात्रीचे नऊ. घरात जेवण साडेनऊला. हिशेब तिथेच कोलमडतो.

डॉक्टरांनी त्याला ५ ची गोळी रोज घ्यायची सक्ती केलेली नव्हती, लागेल त्या रात्री घ्या म्हणून सांगितलं होतं. मग आठवड्याचे तीन भाग पडले. ज्या दिवशी फवारणी नाही, सातला उठलं तरी चालतं, त्या आदल्या रात्री साडेआठला जेवण आणि साडेदहाला गोळी. ज्या दिवशी फवारणी आहे पण गडी ट्रॅक्टर चालवू शकतो, त्या आदल्या रात्री जेवण सातला, गोळी नऊला, आणि सकाळी दादा फक्त बांधावर उभा. जिथे त्याला स्वतःलाच ब्लोअर चालवायचाय आणि जेवण लवकर होणं शक्य नाही, त्या रात्री गोळी बंद.

राहिला रात्रीच्या विजेचा प्रश्न. शेतीची थ्री-फेज वीज पाळीने येते, आणि रात्रीची पाळी असली की एक-दोन वाजता उठून मोटार चालू करायला विहिरीवर जावं लागतं. गोळी घेऊन दोन-तीन तासांनी अंधारात बांधावरून चालत जाणं, स्टार्टरला हात घालणं, पाण्याच्या कडेला उभं राहणं हे अजिबात करायचं नाही. औषधाचा अंमल तेव्हा जोरात असतो. तोल जातो, आणि आपण काय केलं ते सकाळी आठवतही नाही. पाणी पाजायची पाळी आहे ती रात्र गोळीची नाही, हा नियम वहिनीने कॅलेंडरवर पेनाने खुणा करून पक्का केला. कूपवाड एमआयडीसीत पाळीने काम करणाऱ्यांना किंवा गळीत हंगामात साखर कारखान्यावर जाणाऱ्यांनाही हाच हिशेब लागू आहे. झोप दिवसा घ्यायची असेल तर आठ तास दिवसाचे मोजा, पण ते सलग मोकळे हवेत.

४. गोळी घेण्याची रात्र

जेवण आणि गोळी यांत दोन तासांचं अंतर ठेवलं तर बरं. भरल्या पोटी घेतली की गोळी उशिरा चढते. मग माणूस अर्धा तास वाट बघतो, काही होत नाही म्हणून दुसरी घेतो, आणि दोन्ही मिळून पहाटे अंगावर येतात. एका रात्रीत दुसरी गोळी घ्यायचीच नाही. रात्री तीनला जाग आली, पहिलीचा अंमल उतरलाय असं वाटलं, तरीही नाही.

गोळी तोंडात टाकण्याआधी बाकी सगळं उरकून घ्या. दाराला कडी, गॅसचा रेग्युलेटर बंद, लघवीला जाऊन येणं, सकाळचा गजर, उद्याच्या डब्याची तयारी. गाडीची किल्ली दुसऱ्या खोलीत किंवा घरातल्या कुणाकडे. फोन हाताच्या टप्प्याबाहेर. हे झालं की बिछान्यावर बसून पाण्याच्या घोटाबरोबर गोळी घ्यायची आणि दिवा मालवायचा. मालिकेचा शेवटचा भाग बघत बसलात तर झोपेची लाट येऊन निघून जाते. वर जागेपणीची ती पंधरा-वीस मिनिटं सकाळी कोरी असतात. मला एकदा माझ्याच फोनवरून मैत्रिणीला गेलेला लांबलचक मेसेज सकाळी वाचायला मिळाला. व्याकरण ठीक होतं, लिहिल्याचं मात्र काडीइतकंही आठवत नव्हतं.

मेसेजपर्यंत ठीक आहे. काही माणसं मात्र या गोळीवर अर्धवट झोपेत उठून चालतात, स्वयंपाक करतात, गाडीसुद्धा काढतात. यातून जीव गेल्याची उदाहरणं आहेत. २०१९ साली अमेरिकेत या औषधाच्या माहितीपत्रकावर त्याबद्दल सर्वांत कडक दर्जाचा इशारा छापायला लावला गेला. पहिल्याच गोळीलाही असं होऊ शकतं. म्हणून पहिल्या एक-दोन रात्री घरात कुणीतरी जाणतं माणूस असू द्या आणि त्याला सांगून ठेवा. तुम्ही रात्री उठून असं काही केल्याचं कुणी सांगितलं, किंवा ओट्यावर तुम्हाला न आठवणारी भांडी सापडली, तर पुढची गोळी घ्यायची नाही आणि डॉक्टरांना कळवायचं.

५. दारू आणि गोळी एका रात्रीत नाही

“दोन तासांचं अंतर ठेवलं तर चालतं,” असं पारावर कुणीतरी छातीठोक सांगतं. आकडे मांडून बघू.

तीस मिलीच्या एका छोट्या पेगमध्ये साधारण १० ग्रॅम अल्कोहोल असतं. १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये म्हणजे ६० ग्रॅम. सर्वसाधारण माणसाचं शरीर तासाला सात-आठ ग्रॅम अल्कोहोल निकाली काढतं, आणि लिंबूपाणी, ताक, आंघोळ यांनी तो वेग वाढत नाही. भागाकार केला तर क्वार्टर उतरायला आठ तास लागतात. साडेसहाशे मिलीच्या साध्या बिअरची बाटली तीन-साडेतीन तास घेते, स्ट्राँग असेल तर पाचाच्या वर. जत्रेत रात्री आठला मटणाबरोबर बसलेला माणूस क्वार्टर संपवून अकराला बिछान्यावर येतो, तेव्हा निम्म्याहून जास्त दारू अंगात बाकी असते. पहाटे चारपर्यंत ती पुरते.

गोळी आणि दारू मेंदूतल्या एकाच यंत्रणेला जोर देतात, मेंदूला शांत करणाऱ्या. दोघांचा अंमल एकमेकांवर चढतो. गुंगी खोल जाते, श्वास मंद आणि उथळ होतो. उलटी झाली तर ठसका लागून जाग यायला हवी, तीही येत नाही. घोरणाऱ्या, जाड मानेच्या माणसाला धोका आणखी जास्त. झोपेत उठून भलतंच काही करून बसण्याची शक्यताही दारूने वाढते.

म्हणून नियम तासांचा ठेवूच नका. संध्याकाळी एक घोट जरी घेतला असेल तर त्या रात्री गोळी नाही. आणि गोळी घेतली असेल तर त्यानंतर दारू नाही. लग्न, जत्रा, पार्टी कॅलेंडरवर आधीच दिसत असतात, त्या रात्री गोळीवर काट मारून ठेवा. त्या रात्री झोप नीट लागणार नाही हे धरून चाला. दारूने डोळा लवकर लागतो खरा, पण उत्तररात्री ती उतरू लागली की झोप तुटत राहते. ‘गोळी नको तर एक पेग’ हा सौदा त्यामुळे तोट्याचा आहे.

द्राक्षासव, अशोकारिष्ट अशा आसव-अरिष्टांतही आंबवण्यातून तयार झालेलं अल्कोहोल असतं. चमचा-दोन चमच्यांत ते फार नसतं, पण रात्री जेवणानंतर ते घ्यायची सवय असेल तर डॉक्टरांना सांगा आणि वेळ सकाळकडे हलवता येते का ते विचारा.

दोन्ही घेऊन झालंच असेल तर त्या माणसाला एकटं सोडू नका. कुशीवर झोपवा, तोंड किंचित खाली. दर थोड्या वेळाने हाक मारून, खांदा हलवून बघा. उठत नसेल, श्वास संथ किंवा अडखळत येत असेल, ओठ निळसर दिसत असतील तर १०८ लावा आणि गोळीची पट्टी बरोबर घ्या. उलटी करायला लावू नका, कॉफी पाजू नका, आणि ‘झोपू दे, सकाळी उतरेल’ म्हणून खोलीचं दार ओढून घेऊ नका.

जे रोज भरपूर पितात त्यांच्यासाठी एक वेगळी सूचना. गोळी सुरू करायची म्हणून घरच्या घरी दारू एकदम तोडू नका. अशाने थरथर, भास आणि फिटही येऊ शकते. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली करायचं काम आहे.

६. सकाळची गुंगी: ओळखायची कशी, करायचं काय

गुंगी म्हणजे फक्त पेंग नव्हे. माणूस उठलेला असतो, चहा प्यायलेला असतो, बोलतही असतो. पण शर्टाचं बटण चुकतं, कुणी विचारलेलं उत्तर अर्धा क्षण उशिरा येतं, उंबऱ्याला पाय लागतो. अडचण अशी की ज्याला गुंगी आहे त्याला ती जाणवेलच असं नाही. ‘मी एकदम फ्रेश आहे’ या स्वतःच्या साक्षीवर गाडी काढू नका. घरातल्या माणसाचा शब्द त्यापेक्षा भरवशाचा.

उठल्यावर पहिला तास जिना, विळी, उकळतं दूध आणि वाहन यांपासून लांब राहा. पडदे उघडून उजेड आत घ्या, अंगणात दहा मिनिटं चाला, तोंडावर गार पाणी मारा, नाश्ता करा. चहाने डोळे उघडतात, पण औषध शरीरातून लवकर जात नाही, म्हणून चहा प्यायला म्हणजे गाडीला हरकत नाही असं होत नाही. दुचाकी, ट्रॅक्टर, कडबाकुट्टी या सगळ्याला गोळीपासून आठ तास पूर्ण झालेले हवेत आणि डोकंही स्वच्छ हवं. यातलं एकच असून भागत नाही. सीआर गोळी घेत असाल तर दुसऱ्या दिवशी वाहनच नको. सकाळी सांगलीहून पुण्याला गाडी घेऊन निघायचं असेल, तर आदल्या रात्री गोळी टाळा किंवा एसटीने जा.

वहीचा उपयोग इथे होतो. रोज एका ओळीत पाच गोष्टी: जेवण किती वाजता, गोळी किती वाजता, उठलो किती वाजता, डोकं किती वाजता मोकळं झालं, आणि त्या दिवशी दुसरं काय घेतलं. दादाच्या वहीतल्या दोन ओळी अशा:

*सोमवार. जेवण ८.३०, गोळी १०.३०, उठलो ७, डोकं ७.३० ला साफ. दुसरं काही नाही.*

*गुरुवार. जेवण ८.३०, गोळी १०.३०, उठलो ७, साडेदहापर्यंत जड. संध्याकाळी सर्दीची गोळी.*

जेवणाची, गोळीची, उठण्याची वेळ अगदी तीच, तरी तीन तासांचा फरक. सर्दीच्या गोळीत गुंगी आणणारं औषध होतं. वही नसती तर त्याने गुरुवारचा दोष झोपेच्या गोळीला दिला असता आणि ती बदलून मागितली असती. डॉक्टरांनी सर्दीचं औषध बदललं, झोपेची गोळी तीच राहिली.

तुमची गुंगी रेंगाळत असेल तर याच क्रमाने शोधा. आधी तासांचा हिशेब तपासा, आठ तास खरंच मिळाले का. मग त्या दिवशीची इतर औषधं. मग पट्टीवरची ताकद आणि सीआर आहे का ते. हे सगळं बरोबर असूनही दुपारपर्यंत डोकं जड राहत असेल तर तुमचं शरीर औषध हळू काढतंय, किंवा गोळी झोल्पिडेम नाहीच. क्लोनाझेपाम निम्मं व्हायलाच दीड दिवसापर्यंत लागू शकतो, त्याची गुंगी आठ तासांत जाण्याची अपेक्षाच करता येत नाही. वही घेऊन डॉक्टरांकडे जा. डोस कमी करायचा की औषध बदलायचं, ते त्यांना ठरवू द्या.

बोलणं जड येणं, दिवस-वेळ न समजणं, तोल जाऊन पडणं, श्वास लागणं ही नेहमीची गुंगी नाही. त्यासाठी त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

७. घरात म्हातारं माणूस असेल तर

त्यांच्याबाबतीत सगळ्यात मोठी भीती रात्री लघवीला उठताना पडण्याची. खुब्याचं हाड मोडलं तर पुढचं सगळं अवघड होतं. बिछान्यापासून संडासापर्यंत मंद दिवा, वाटेत चप्पल किंवा बादली नको, जमलं तर खाटेजवळच भांडं, आणि उठताना आधी दोन मिनिटं खाटेच्या कडेवर बसायचं. गोळी त्यांच्या हातात पट्टीसकट देऊ नका. घेतलेली विसरून पुन्हा घेतली जाते.

पट्टी एरवीही कुलपातच हवी. नातवंडांसाठी, आणि घरात कुणाचं मन फार खचलेलं असेल तर त्यासाठीही. झोप न लागण्याबरोबर जगणं नकोसं वाटत असेल तर ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा आणि पट्टी दुसऱ्याच्या ताब्यात द्या. टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी नंबरवर रात्रीही मराठीत बोलता येतं.

८. गोळी थांबवताना

ही गोळी दोन ते चार आठवड्यांपुरती असते. त्यापुढे शरीर तिला सरावतं, तोच डोस कमी वाटू लागतो. थोडेच दिवस घेतलेली गोळी बंद केली तरी पहिल्या एक-दोन रात्री झोप पूर्वीपेक्षा वाईट लागू शकते. जुना आजार परत आला असं समजून लोक तिथेच पुन्हा गोळी सुरू करतात. बहुतेकदा तो गोळी सुटण्याचाच परिणाम असतो आणि आपोआप ओसरतो. महिनोन्‌महिने घेत असाल तर मात्र एकदम बंद करू नका. डॉक्टर डोस टप्प्याटप्प्याने उतरवून देतात.

थांबवायचा आठवडा निवडताना कॅलेंडर पुन्हा समोर घ्या. दादाने फवारण्यांचा जोर सरल्यावरचा, दिवसाच्या विजेचा आठवडा धरला. पहिल्या दोन रात्री तो टक्क जागा होता, तिसऱ्या रात्री बाराच्या सुमाराला डोळा लागला. उरलेल्या गोळ्या वहिनीने पट्टीतून काढून, चहाच्या चोथ्यात कालवून, पिशवीला गाठ मारून घंटागाडीत टाकल्या.